चौथ्या सीटची ठळक बातमी

नमस्कार. ठळक बातम्या. शहरातील एका रस्त्याचे काम आज पूर्ण झाले. तो खोदण्याचे काम उद्यापासून सुरू होईल. भाजीबरोबर मिळणारी मोफत कोथिंबीर आज चार काड्यांवर बंद झाली. मध्य रेल्वेच्या जलद लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा प्रवासी बसल्याने काही काळ तणाव, परिस्थिती नियंत्रणात. आणि हवामान : उद्या छत्री बरोबर नेल्यास पाऊस पडणार नाही.

अशा खोट्या बातमीपत्राचा प्रयोग सोसायटीच्या गणेशोत्सवात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये किंवा ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात दर वर्षी कोणी ना कोणी करतं. कल्पना सोपी वाटते. एक टेबल, एक कोट, मागे लाल-निळा पडदा आणि चार विनोद. तरी दहातले आठ प्रयोग दुसऱ्या मिनिटालाच बसतात. त्यातले विनोद वाईट असतात असं नाही. मुळात ते विनोद असतात, ही अडचण असते. बातमीपत्रात बातम्या असाव्या लागतात. वर दिलेल्या चार ओळी पुन्हा वाचून बघा. त्यातली प्रत्येक गोष्ट आपल्या रोजच्या अनुभवात बसते. खोटं आहे ते एवढंच की कोणीतरी कोट घालून ती गंभीरपणे सांगतंय. विषयाला दिलेलं महत्त्व खोटं, बाकीचं सगळं खरं, असा या प्रकाराचा पाया आहे.

या कलेचा सर्वांत गाजलेला नमुना शहरी त्रासाबद्दल नाही, पण तंत्र त्याच्याकडूनच शिकावं. १ एप्रिल १९५७ या दिवशी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या भारदस्त कार्यक्रमात सुमारे तीन मिनिटांची एक चित्रफीत दाखवली गेली. स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात यंदा स्पॅगेटीचं पीक उत्तम आलं आहे, अशी ती बातमी. बायका झाडांवरून शेवयांसारख्या लांबलचक स्पॅगेटी तोडतायत, टोपल्यांत भरतायत, उन्हात वाळत घालतायत. निवेदन होतं रिचर्ड डिंबलबी यांचं. राणीच्या राज्याभिषेकाचं वर्णन ज्यांच्या तोंडून देशानं ऐकलं होतं, त्यांचा हा आवाज. दुसऱ्या दिवशी किती लोक फसले याचीच चर्चा झाली. काहींनी तर बीबीसीला फोन करून विचारलं की हे झाड लावायचं कसं.

लोक फसले ते झाडामुळे नाही. ते फसले बारीक तपशिलांमुळे. हिवाळा यंदा सौम्य होता, स्पॅगेटीवर पडणारी कीड जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि सगळ्या स्पॅगेटी सारख्याच लांबीच्या कशा येतात, तर पीक-तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं चिकाटीनं केलेल्या वाणसुधारणेमुळे, असं त्यात शांतपणे सांगितलं होतं. शेवटचा मुद्दा तर कोणी विचारलाही नव्हता. न विचारलेल्या शंकेचं समाधान करणं ही खऱ्या बातमीदाराची सवय असते. लेखकानं ती सवय उचलली आणि झाड आपोआप खरं झालं. मूळ खोट एकच होती, ती म्हणजे स्पॅगेटी झाडाला लागते. त्यानंतरचं प्रत्येक वाक्य शेतकी बातमीत शोभेल असं होतं. नवशिका लेखक मात्र दर वाक्यात नवं खोट घालतो. झाड बोलतं, मग उडतं, मग निवडणूक लढवतं. तिसऱ्या खोटाला प्रेक्षक हात टेकतो.

आता मराठीकडे येऊ. आपल्याकडे बातमीचे दोन आवाज कानात बसलेले आहेत. पहिला आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांचा आणि मुंबई दूरदर्शनचा. १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झालं, आणि पुढे प्रदीप भिडे यांच्यासारख्या निवेदकांनी मराठी बातमीला एक चाल दिली. संथ, स्वच्छ, प्रत्येक जोडाक्षर जागेवर, आणि बातमी पुराची असो की पुष्पप्रदर्शनाची, भुवई तीच. दुसरा आवाज आजच्या वाहिन्यांचा. तो सतत धावत असतो. ‘सर्वांत मोठी बातमी’ दर सात मिनिटांनी येते आणि पडद्यावर एकाच वेळी चार पट्ट्या सरकत असतात.

विडंबनासाठी बहुतेक जण दुसरा आवाज निवडतात, कारण त्याची नक्कल सोपी. माझ्या मते तिथेच फसगत होते. ओरडणारा निवेदक स्वतःच स्वतःचं विडंबन असतो. त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडून हाती काय लागणार? निर्विकारपणाची मजा अंतरातून येते : क्षुल्लक विषय आणि त्याला मिळालेला भारदस्त सूर यांतलं अंतर. म्हणून आवाज दूरदर्शनचा घ्यावा आणि चित्र आजच्या वाहिन्यांचं. निवेदक संथपणे सांगतोय की एका बाकावर चार माणसं बसली, आणि त्याच्या मागे लाल पट्टी, फिरता पृथ्वीगोल, बाण आणि धोक्याचा त्रिकोण यांचा गोंधळ चाललाय. चित्रानं आरडाओरडा करावा, माणसानं नाही.

या संथ आवाजाची स्वतःची ठरलेली वाक्यं आहेत, आणि ती पाठ हवीत. घटनास्थळी बघ्यांची गर्दी झाली. जनजीवन विस्कळीत. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. नेमके कारण समजू शकले नाही. पुढील तपास सुरू आहे. सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार. आणि सर्वांत उपयोगी शब्द : ‘दरम्यान’. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन गोष्टी ‘दरम्यान’नं जोडता येतात आणि कोणाला शंका येत नाही. आठवडाभर वर्तमानपत्राचं स्थानिक पान मोठ्यानं वाचलं की हा साचा जिभेवर बसतो. विनोदी लेखनाचं पुस्तक वाचण्यापेक्षा हे जास्त कामाला येतं.

मग विषय. ‘वाहतूक कोंडी’ हा विषय होत नाही, तो नुसता मथळा आहे. विषय हवा मुठीत मावेल एवढा : एक जागा, दोन-तीन माणसं, आणि प्रत्येकाला माहीत असलेला पण कुठेही न लिहिलेला नियम. लोकलमधली चौथी सीट या कसोटीला पूर्ण उतरते. ज्यांनी मुंबईची लोकल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेकंड क्लासच्या डब्यात समोरासमोर बाकं असतात. एका बाकावर तिघांनी बसायचं अशी रचना. पण गर्दीच्या वेळी चौथ्यानं टोकाला येऊन नुसतं उभं राहायचं, किंचित खाकरायचं किंवा ‘जरा सरकून घ्या’ म्हणायचं, आणि तिघांनी सरकायचं, हा रिवाज. चौथ्याला मिळते ती पूर्ण जागा नसते. एक मांडी बाकावर, दुसरी मार्गिकेत, आणि वजन पायावर. तरी ठाण्यापासून मुंबईपर्यंत उभं राहण्यापेक्षा ते बरं. या अर्ध्या जागेवरून रोज जेवढं राजकारण होतं, तेवढं एखाद्या छोट्या नगरपालिकेतही होत नसेल.

यावर बातमी लिहायची तर आधी पट्टी घेऊन बसा. कोण कुठे चढतं, कोण कुठे उतरतं, खिडकीवाला नेमका कुठे बघतो, तिसरा सरकताना प्रत्यक्षात काय करतो, हे दोन-चार दिवस बघून टिपून घ्यावं. त्यातून पुढचा मजकूर उभा राहतो. पटकथा वृत्तवाहिन्यांसारखीच दोन भागांत लिहायची : पडद्यावर काय दिसेल ते आणि कानावर काय पडेल ते. एक नमुना पूर्णच देतो.

अँकर : मध्य रेल्वेच्या जलद लोकलमध्ये तीन प्रवाशांसाठी असलेल्या बाकावर आज सकाळी चौथ्या प्रवाशाने प्रवेश केल्याने काही काळ तणाव निर्माण झाला. ठाणे स्थानकात घडलेल्या या घटनेत सुदैवाने जीवितहानी झाली नाही. खिडकीकडील प्रवाशाला या घडामोडींची पूर्ण कल्पना होती. मात्र आपण मुंब्र्याची खाडी पाहत असल्याचे त्याने भासवले. गाडी त्या वेळी मुलुंडला होती.

पडद्यावर : बाकाचा वरून काढलेला नकाशा. चार रंगांचे चार प्रदेश. तिसऱ्या आणि चौथ्या प्रदेशांमध्ये तिरप्या रेघा, त्यावर अक्षरं : ‘वादग्रस्त भाग’. खाली दिशा दाखवणारा बाण : ‘खिडकी’.

व्हीओ : सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार, चौथ्या प्रवाशाने प्रथम केवळ उभे राहून पाहिले. त्याचा परिणाम न झाल्याने त्याने खाकरण्याचा मार्ग अवलंबला. अखेर ‘जरा सरकून घ्या’ असे अधिकृत निवेदन करण्यात आले.

बाईट, चौथा प्रवासी. नावाच्या पट्टीवर : ‘चौथा प्रवासी (अंशतः बसलेले)’. “मी काय जास्त मागितलं? थोडं सरका म्हटलं.”

बाईट, तिसरा प्रवासी. पट्टीवर : ‘तिसरा प्रवासी (सरकल्याचा दावा)’. “मी सरकलोय.”

पडद्यावर : दोन रकाने. ‘दावा : चार इंच.’ ‘प्रत्यक्षात : श्वास सोडला.’

अँकर : घटनास्थळावरून अधिक माहिती देत आहेत आमचे प्रतिनिधी.

प्रतिनिधी, दाराजवळ, चेहरा एका बॅगेला टेकलेला : मी आत्ता जिथे उभा आहे, तिथे मी स्वतःहून आलेलो नाही. बाक माझ्यापासून साधारण सहा माणसांवर आहे. तिथली परिस्थिती तणावपूर्ण आहे असे मला सांगण्यात आले आहे. मला दादरला उतरायचे होते. आता भायखळा येत आहे.

अँकर : दरम्यान, त्याआधीच घाटकोपर स्थानकात मधल्या प्रवाशाने मेट्रोचे कारण देऊन पदत्याग केल्याने हा पेच सुटला होता. चौथ्या प्रवाशाला तिसऱ्या जागेवर बढती देण्यात आली. पदभार स्वीकारल्यानंतर त्यांनी, ‘या बाकावर तिघांचीच जागा आहे’, असे पुढील प्रवाशाला स्पष्ट केले.

निवेदन हळू वाचलं तरी ही बातमी अडीच मिनिटांत संपते. आता ती उसवून बघू. ‘जीवितहानी झाली नाही’ या वाक्यात विनोद नाही. ते कुठल्याही बातमीत असतं तसंच आहे. पण कोणाच्या जिवावर बेतणारच नव्हतं अशा ठिकाणी ते आलं की प्रेक्षक हसतो. मुंब्र्याची खाडी आणि मुलुंड हा तपशील स्पॅगेटीच्या किडीच्या जातीचा आहे. खाडी ठाण्याच्या आधी लागते, मुलुंड नंतर. रोज त्या मार्गानं जाणाऱ्याला हे लगेच कळतं आणि तो मोठ्यानं हसतो. न जाणाऱ्याला कळलं नाही तरी बातमी अडत नाही. स्थानिक तपशील असाच घालावा, ओळखणाऱ्याला बक्षीस म्हणून. तो समजावून सांगायचा नाही.

घटनाक्रमही बघा. उभं राहणं, खाकरणं, अधिकृत निवेदन. एकेक पायरी वर जाते, पण तिन्ही पायऱ्या खऱ्या आहेत. चौथी पायरी म्हणून त्यानं बाकावर झेंडा रोवला असं लिहायचा मोह होतो. तो आवरायचा. झेंडा आला की ती घटना आपल्या गाडीत घडलेली राहत नाही. ‘सीमाप्रश्न’ हा शब्दही इथे चटकन सुचतो. मराठी कानाला त्या शब्दानं बेळगाव आठवतं आणि हसू थबकतं, म्हणून ‘वादग्रस्त भाग’ पुरे.

शेवटच्या वाक्यावर बातमी उभी आहे. तिसरा झालेला चौथा माणूस नव्या चौथ्याला नियम सांगतो. गर्दीच्या लोकलमधून गेलेल्या प्रत्येकानं हे पाहिलंय, आणि बहुतेकांनी केलंही आहे. इथवर प्रेक्षक त्या चौघांना हसत होता, आता तो स्वतःला हसतो. उपहासाचा असा काटा प्रत्येक बातमीत एकदाच लागतो आणि तो शेवटी टोचावा. आधी टोचला तर उरलेली बातमी भाषण होते. आणि निवेदकाच्या तोंडी त्याचं सार कधीही घालू नये. ‘पाहिलंत, सत्ता मिळाली की माणूस कसा बदलतो’ असं अँकर म्हणाला की कोट उतरला आणि शेजारचे काका बोलायला लागले.

एक खास मराठी दुखणंही इथे सांगायला हवं : कोट्या. शब्दाशी खेळणं आपल्या हाडीमाशी आहे, आणि अशा प्रयोगात लेखक हमखास प्रतिनिधीचं नाव ‘गर्दीकर’ किंवा ‘खड्डेकर’ ठेवतो. एकट्यानं ऐकली तर कोटी चांगली असते. पण कोटी म्हणजे लेखकानं मारलेला डोळा. हे सगळं गंमत म्हणून चाललंय असं ती कबूल करते. ज्या प्रकाराचा सगळा जोर ‘आम्हाला यात गंमत दिसतच नाही’ या आविर्भावावर आहे, त्यात ती शत्रूसारखी वागते. प्रतिनिधीला नाव न देणं उत्तम.

आता चित्रांचं. ब्रिटनमध्ये १९९४ साली बीबीसीवर ‘द डे टुडे’ नावाची एक खोट्या बातम्यांची मालिका झाली. तिनं वाहिन्यांच्या भपकेबाज चित्रांचीच टर उडवली होती. चलनाचे दर सांगायला ‘करन्सी किडनी’ नावाचा आलेखही त्यात होता. बघणाऱ्याला अर्थ लागत नाही, पण माहिती मिळाल्यासारखं वाटतं. विचित्र चित्राची गंमत इथे असते. ते व्यंगचित्र होता कामा नये. चौथ्या प्रवाशाला हत्तीचं तोंड लावलं तर एकदा हसू येईल. बाकाचा मोजमापासह नकाशा काढला तर बघणारा तो वाचायला लागतो, आणि वाचता वाचता आपण काय वाचतोय हे त्याच्या ध्यानात येतं. समजा, वर्तुळाकार आलेख केला : खिडकी ३१ टक्के, मधला २९, तिसरा २७, चौथा १३. बेरीज शंभरच यायला हवी. खाली बारीक अक्षरात टीप : ‘चौथ्या प्रवाशाचा उर्वरित भाग या आलेखात धरलेला नाही’. आकडे चुकीचे चालतील, गणित चुकीचं चालणार नाही.

या चित्रांना मोठी यंत्रणा लागत नाही. ऑफिसात सादरीकरणासाठी वापरतात ते सॉफ्टवेअर पुरतं. त्रास होतो देवनागरीचा. काही व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात : ‘प्रवासी’तला रकार सुटा पडतो, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. अशा वेळी सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय असेल तर तो निवडावा, नाहीतर पट्टी दुसरीकडे चित्र म्हणून तयार करून चिकटवावी. पट्टीवर शुद्धलेखनाची चूक मुद्दाम घालायची कल्पनाही काहींना सुचते, कारण खऱ्या वाहिन्यांवर ती दिसते. ती घालू नये. प्रेक्षकाला वाटतं चूक तुमची आहे.

पट्टीवर सहा-सात शब्दांहून जास्त नकोत, आणि ती शांतपणे दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवावी. पट्टीतला विनोद आणि निवेदकाच्या तोंडचा विनोद एकाच क्षणी येऊ द्यायचे नाहीत. डोळा वाचत असला की कान बंद होतो. ‘सरकल्याचा दावा’ ही पट्टी आधी यावी, दोन सेकंदांनी ‘मी सरकलोय’ ऐकू यावं. उलटं केलं तर दोन्ही वाया जातात. खालून सरकणाऱ्या ओळीत मुख्य बातमीशी संबंध नसलेलं काहीतरी ठेवावं : ‘लिफ्ट : काम चालू आहे, लिफ्ट बंद आहे.’ ‘उद्या पाणी येणार, आज का गेले याची चौकशी परवा.’ ज्याला दिसेल त्याला दिसेल.

निवेदकाची निवड करताना वर्गातला विनोदी मुलगा घेऊ नका. त्याला हशा ऐकू येतो आणि तो ओठांच्या कोपऱ्यातून त्याला उत्तर देतो. ज्या बाई सोसायटीच्या सभेत इतिवृत्त वाचतात, त्या घ्या. वाचनाचा वेग मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द. जोर नामावर, विशेषणावर कधीच नाही : ‘चौथ्या प्रवाशाने’, ‘अंशतः बसलेले’ नव्हे. लोक हसले तर काय करायचं, हा प्रश्न रंगमंचावर येतोच. थांबायला तर हवं, पण हशासाठी थांबलो असं दिसता कामा नये. वृत्तनिवेदकाला त्यासाठी एक हक्काची कृती मिळालेली आहे : कागद उलटणं. हशा ओसरेपर्यंत समोरचा कागद नीट उचलावा, बाजूला ठेवावा, पुढचा सरळ करावा, मग मान वर. दूरदर्शनवर जसपाल भट्टी यांनी १९८९च्या ‘फ्लॉप शो’मध्ये सामान्य माणसाचे हेच त्रास जवळजवळ न हसता मांडले होते. त्यांचा चेहरा आठवून पाहिला तरी अर्धी तालीम होते.

राहिला धोका. चौथ्या सीटची बातमी कोणाला खरी वाटणार नाही. पण ‘उद्यापासून अमुक भागात पाणी तीन दिवस बंद’ असं तुम्ही गमतीत केलंत आणि त्याचे वीस सेकंद कापून कोणी सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकले, तर ती गंमत उरत नाही, अफवा होते. सुरुवातीला ‘हा कार्यक्रम काल्पनिक आहे’ अशी पाटी दाखवून भागत नाही, कारण कापणारा पहिली तीच कापतो. पाणी, वीज, शाळेची सुट्टी, परीक्षा, दंगल, आजार, बँक यांच्या खोट्या बातम्या करूच नयेत. आणि खऱ्या वाहिनीचं बोधचिन्ह वापरू नये, नाव अर्धवट बदलूनही नाही.

दुसरा धोका कोणावर हसायचं याचा. वॉचमन, फेरीवाला, घरकामाच्या मावशी, डिलिव्हरी करणारा मुलगा यांच्यावर बातमीपत्र उभारलं की हॉल हसतो, पण मागच्या दारात उभी असलेली तीच माणसं हसत नाहीत. त्रासाचं मूळ व्यवस्थेत किंवा आपल्या सगळ्यांच्या सवयीत शोधावं. व्यवस्थेवर बोट ठेवलं की कधी कधी उत्तरही येतं. २०१७ साली आरजे मलिष्का यांनी मुंबईच्या खड्ड्यांवर विडंबन गीत केलं. ते गाजल्यावर महापालिकेच्या आरोग्य पथकाला त्यांच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्या आणि नोटीस गेली. हा घटनाक्रम एखाद्या लेखकानं रचला असता तर मी त्याला सांगितलं असतं की तिसरं खोट काढ, फार होतंय.

यंदा तुमच्या मंडळात असं बातमीपत्र करायचं ठरलं, तर एक मोठी बातमी, तीन छोट्या आणि हवामान एवढंच घ्या. ‘काल्पनिक’ हा शब्द चित्राच्या वरच्या कोपऱ्यात पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत ठेवा. निवेदनाचे शब्द साडेचारशेच्या पुढे जाऊ देऊ नका. पाच मिनिटांनंतर कितीही कोरा चेहरा असला तरी लोकांना त्याची सवय होते, आणि मग खऱ्या बातम्यांसारखंच ते आपापसांत बोलायला लागतात.